चौथा ठोका रिकामा

उत्कर्षा मगदूम गाण्याचं दुसरं कडवं विसरली, तेव्हा समोर सातशे पोरं होती.

सांगलीतल्या त्यांच्या इंजिनिअरिंग कॉलेजचं गॅदरिंग. दुपारचे चार. मांडवाखाली उकडत होतं, पण कुणी जागचं हलत नव्हतं, कारण बँड वाजत होता. शार्दूलची गिटार, यासीनचा बेस, पण्याचे ड्रम आणि मधे माईक धरून उत्कर्षा. गाणं इंग्रजी, जगभर गाजलेलं. बर्फात गाडी अडकलेल्या कुणा माणसाचं दुःख त्यात होतं. उत्कर्षाने बर्फ पाहिला होता तो उसाच्या रसाच्या गाड्यावर. मराठी शाळेत शिकलेली पोरगी. ते गाणं तिने ऐकून ऐकून वहीत देवनागरीत उतरवून पाठ केलं होतं, पाढे करावेत तसं.

पहिलं कडवं झालं, धृपद झालं, आणि दुसऱ्याच्या तोंडावर डोकं पार कोरं. पण्या थांबला नाही, थांबणारही नव्हता. तेव्हा तिने तोंडाला येईल ते गायला सुरुवात केली. शब्दच नव्हते ते. ‘शॅन द रोलिन, बेबे गॉन द वे’ असलं काहीतरी, पण सूर बरोबर, उच्चार घोगरे, डोळे मिटलेले. आठ ओळी ती तशी गायली.

पोरांनी टाळ्या-शिट्ट्यांनी मांडव डोक्यावर घेतला. पहिला नंबर आला. परीक्षक म्हणून आलेल्या बाईंनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, “तुझं इंग्लिश डिक्शन फार सुंदर आहे हं, एकेक उच्चार स्पष्ट.”

तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही. वायरी गुंडाळताना यासीन जवळ आला.

“दुसऱ्या कडव्यात काय गायलीस गं?”

“तुला कळलं?”

“मी शेजारी उभा होतो की. मला वाटलं जर्मन सुरू केलंस.”

“यासीन, सातशे जणांतल्या एकालाही कळलं नाही.”

“मग बरंच झालं की.”

“बरं कसलं झालं?” ती म्हणाली. “म्हणजे मी रोज काहीही बरळले असते तरी चाललं असतं. कुणी ऐकतच नव्हतं लका.”

ती चार दिवस हेच बोलत राहिली. शार्दूल वैतागला. शाळेत शिकवणाऱ्या बेडगे सरांचा हा मुलगा बोटांनी जादू करायचा. त्याच्यामुळेच बँडला नाव होतं, आणि ते त्याला माहीतही होतं. त्यांची तालीम मिरजेला, सतारमेकर गल्लीत, यासीनच्या चुलत्यांच्या सतारींच्या कारखान्याच्या माडीवर चालायची. चहूकडे सतारींसाठी वाळत टाकलेले भोपळे, खाली रंध्याचा आवाज. पण्याने झांज जोरात मारली की भोपळे गुणगुणायचे.

“लोकांना सूर लागतो, बीट लागतो,” शार्दूल म्हणाला. “शब्द कोण बघतंय? आणि मराठीत रॉक करायचा म्हणजे भावगीताला जीन्स घालायची. हसतील आपल्याला.”

“आपला तो व्हिडिओ आठवतोय का?” यासीनने विचारलं.

मागल्या दिवाळीत त्यांनी असंच एक इंग्रजी गाणं वाजवून नेटवर टाकलं होतं. तीन आठवडे मरमर करून. दुसऱ्याच दिवशी त्या गाण्याच्या कंपनीने हक्क सांगितला आणि व्हिडिओचा आवाज बंद पडला. चौघं जण मुक्याने अंग घुसळतायत, एवढंच उरलं. पण्याच्या बहिणीने तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला होता, ‘दादाच्या अंगात आलंय’ म्हणून.

“स्वतःचं असतं तर कोण बंद करणार होतं?” यासीन म्हणाला.

त्यातच पुण्याच्या स्पर्धेचं पत्रक आलं. एका मोठ्या कॉलेजात राज्यभरचे बँड येणार होते. पंधरा मिनिटं, त्यात वायरी जोडणं धरून. निदान एक गाणं स्वतःचं हवं आणि शंभरातले तीस गुण त्या गाण्याला, भाषा कुठलीही. आधी रेकॉर्डिंग पाठवायचं, त्यातून दहा बँड निवडणार.

शार्दूलने दोन दिवसांत गाणं लिहून आणलं. इंग्रजीत. चाल झकास होती. उत्कर्षाने कागद वाचला.

“फायर, डिझायर, हायर. शार्दूल, तू कुठं जळतोयस?”

“ते तसंच असतं.”

“ही ओळ आपण वाजवतो त्या गाण्यातली आहे. आणि ही त्या दुसऱ्या गाण्यातली. ‘माय बेबी लेफ्ट मी ऑन द हायवे’ म्हणे. तुला कोण सोडून गेलंय रे? हायवेवर?”

“अंकली फाट्याला सोडलं आसंल,” पण्या ड्रमच्या मागून म्हणाला.

शार्दूलचे कान लाल झाले. “मग तू लिही. बघूया की.”

तिने लिहिलं. रात्रंदिवस नव्हे, चांगलं दुपारच्या लेक्चरला मागच्या बाकावर बसून. ‘आठवणींच्या सावल्यांनी अंतरंग हे जळते, उद्याची ती वाट धूसर पुन्हा मला छळते.’ लिहिताना छान वाटलं. शार्दूलच्याच चालीवर बसवलं आणि फोनवर रेकॉर्ड करून घरी आईला ऐकवलं. आई मिरजेत एका दवाखान्यात नर्स. ड्यूटीवरून येऊन पाय वर घेऊन बसली होती. तिने डोळे मिटून सगळं ऐकलं.

“चांगलंय,” ती म्हणाली. “पण आठ काय?”

“आठ?”

“‘आठ’ म्हणून थांबलीस की. मग ‘वणी’ काहीतरी. मला वाटलं आठ वाजले. आणि ते ‘द्या, द्या’ कुणाला द्यायचंय?”

उत्कर्षाने पुन्हा ऐकलं. खरंच. चाल इंग्रजी वळणाची. तिथं ओळीच्या मधे श्वास होता, आणि त्या श्वासात ‘आठवण’ चिरली जात होती. ‘उद्या’ म्हणताना बोलण्यातला सगळा भार ‘उद्’वर असतो, तो ढोलाच्या आधीच निसटायचा आणि ठोका पडायचा ‘द्या’वर. द्या, द्या, द्या. दारात भिक्षेकरी उभा असल्यासारखं. त्यात ‘वाट’चं तिने ‘वॉऽट’ केलं होतं, इंग्रजी गाऊन गाऊन जिभेला लागलेल्या सवयीने.

“आणि अंतरंग कुणाचं जळतंय?” आईने विचारलं. “तू तर संध्याकाळी दोन वडापाव खाल्लेस.”

“आई, कविता आहे ती.”

“आसू दे की. मी आपलं विचारलं.” आई उठली, कुकर लावायला गेली, आणि आतून तिने तेच विचारलं, जे ती आठवड्यातून चार वेळा विचारायची. “ते जाऊ दे. शेवटचं वर्ष आलं. मग पुढं काय?”

उत्कर्षा उत्तर देणार होती. त्याऐवजी तिने आईचं वाक्यच मनात पुन्हा म्हटलं. हाताची बोटं मांडीवर वाजत होती. मग्, पु, ढं, काय.

दुसऱ्या दिवशी माडीवर गेल्या गेल्या तिने बॅग भिरकावली. “पण्या, मी बोलते, तू वाजव. गात नाही, नुसती बोलते.” आणि तिने आईच्या आवाजात म्हटलं, “मग पुढं काय?”

पण्या तेरदाळच्या बाजूचा, घरी वरातीत वाजवणारी बेंजोपार्टी, लहानपणापासून हात ताशावर. त्याला लिहिलेलं नोटेशन कळत नसे, पण कानाने काहीही पकडायचा. तो म्हणाला, “अजून एकदा.” पाच-सहा वेळा तिने म्हटलं. मग त्याने काठ्या उचलल्या.

“हे बघ. ‘मग’ म्हणतीस ते ‘म-ग’ न्हाई, ‘मग्’ हाय. टाक्कन तुटतंय. त्याच्यावर किक, पायाचा ढोल. ‘पु’ बारीक हाय, ते मधल्या फटीत. ‘ढं’वर स्नेअर, हा कडक ड्रम. आणि ‘काय’ लांब, तिसऱ्यावर. झालं. चौथ्यावर शब्दच न्हाई.”

“मग चौथ्यावर तू वाजव की,” शार्दूल म्हणाला. “दोनवर आणि चारवर स्नेअर असतोच.”

“नको,” उत्कर्षा ओरडलीच. “तिथं कुणीच वाजवायचं नाही. पुढं काय असं विचारल्यावर माणूस गप्प होतो ना? तसं.”

वाजवून बघितलं. मग्-पु-ढं-काय, आणि शांतता. पुन्हा. चौथ्या ठोक्याला पण्याचा हात हवेत शिवशिवत राहायचा, आणि त्या रिकाम्या जागेत भोपळ्यांची गुणगुण ऐकू यायची. चौथ्यांदा वाजवलं तेव्हा खालून रंध्याचा आवाज थांबला आणि यासीनचे चुलते जिन्यात येऊन म्हणाले, “काय रे, कुणाला विचारतायसा? माझ्या पोराला विचारा, तो बी सांगत न्हाई.”

यासीन हसून हसून बेसवर पडला. उत्कर्षा हसली नाही. मांडवातल्या सातशेंपैकी कुणी जे केलं नव्हतं, ते या माणसाने केलं होतं. त्याने उत्तर दिलं होतं.

तिथून पुढे तीन आठवडे त्या गाण्याने चौघांना पिळून काढलं. उत्कर्षाला वाटलं होतं, आपलीच भाषा, चटकन होईल. पण आपल्या भाषेत रॉक कसा गायचा हे कुणी शिकवलेलंच नव्हतं. ओळीच्या शेवटी क्रियापद आलं की यमक आपोआप जुळायचं, जातो-येतो-गातो, आणि पाचवीतल्या पोराने केल्यासारखं वाटायचं. तिने क्रियापदं उचलून ओळीच्या मधे टाकली. शेवटाला शब्द हवे होते ते तुटणारे, बंद होणारे: बास, तास, कान, दार. कारण लांब ‘आ’ आला की गळा आपोआप भावगीताकडे वळायचा, मींड घ्यायचा, आणि गिटारचा करकरीत आवाज त्यावर मुसळ पडल्यासारखा आदळायचा. ‘बास’ म्हटलं की शब्दही थांबायचा आणि गिटारही.

शार्दूलला हेच पटत नव्हतं. त्याची चाल दर वेळी मोडावी लागायची. “माझा गिटारचा रिफ तुझ्या आत्याच्या बोलण्यावर बसवायचा का मी?” तो चिडून म्हणाला.

“बसवून तर बघ.”

“आत्या काय म्हणते?”

उत्कर्षाने वही उघडली. “‘फॉर्म भरला, फोटो लावला, सही केली, बास. दारात आत्या, चहाचा कप, सुरू झाला तास.’”

शार्दूलने गिटार पुढ्यात ओढली. पुन्हा म्हणायला लावलं. मग त्याने तारांवर तळहात अर्धवट टेकवून, दाबून दाबून, ‘फॉर्म भरला, फोटो लावला’ असं नुसतं गिटारवर बोलून दाखवलं. शब्दाला शब्द. ‘बास’वर हात उचलला आणि तार मोकळी केली. खोलीभर आवाज फुटला.

“आयला,” पण्या म्हणाला. “गिटार मराठी बोलाय लागली.”

शार्दूलने मान खाली घातली होती, पण हसत होता. “माझी आत्या पण अशीच आहे,” तो पुटपुटला. “बाबांना तर अजून वाटतं की मी गेट परीक्षेची तयारी करतोय.”

बँडमध्ये तीन वर्षं काढल्यावर ही गोष्ट तो पहिल्यांदाच बोलला. फायर-डिझायरमध्ये ती कुठं मावली असती?

फोनवर केलेलं रेकॉर्डिंग पाठवलं आणि दहांत निवड झाली. तरी पुण्याला जाताना शार्दूलने अट घातली: सुरुवात इंग्रजी गाण्याने, मधे ‘मग पुढं काय’, आणि शेवट त्या बर्फाच्या गाण्याने. “पुण्यातलं पब्लिक आहे. शेवटी त्यांच्या ओळखीचं पाहिजे.” उत्कर्षाने मान्य केलं. तिला स्वतःलाही भीती वाटत होती. आपल्या माडीवर चाललं ते तिथं चालेलच असं थोडंच होतं?

स्पर्धा दुपारी तीनला कॉलेजच्या मैदानावर सुरू झाली. त्यांचा नंबर सातवा. तिसऱ्या बँडने शेवटी बर्फाचं गाणं वाजवलं. पाचव्यानेही तेच. पाचव्याचा गायक लहानपणी चार वर्षं परदेशात राहिलेला. त्याचा प्रत्येक शब्द घरच्यासारखा येत होता, आणि गिटारवाल्याने मूळ रेकॉर्डमधला तुकडा स्वरासकट, घसरगुंडीसकट जसाच्या तसा काढला. मागे उभी असलेली दोन पोरं म्हणाली, “ओरिजिनलच्या जवळ गेला यार.”

“जवळ,” यासीन हळूच म्हणाला. “लई केलं तर जवळ.”

शार्दूल स्टेजकडे बघत होता. ते गाणं तो पाचव्यासारखंच वाजवू शकला असता, कदाचित काकणभर चांगलं. पण लोकांच्या कानात मूळ गाणं आधीच बसलेलं होतं आणि जो तो त्याच्या तुलनेत मोजला जात होता. आज तिसऱ्यांदा ऐकताना त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या आणि पाणी प्यायला गेले असते.

“बर्फ काढूया,” तो अचानक म्हणाला.

“आणि वेळ?” उत्कर्षाने विचारलं. “पाच मिनिटं कमी पडतील.”

“आपलंच लांबवू. शेवटी घेऊ. चौथा ठोका आहे ना रिकामा? तो समोरच्या लोकांना देऊन टाक.”

“म्हणजे?”

“तूच बघ की. त्या दिवशी जिन्यात तुझे चुलते नव्हते का बोलले?”

“माझे चुलते,” यासीन म्हणाला.

सातवा नंबर पुकारला गेला. वायरी जोडण्यातच चार मिनिटं गेली. तिच्या पायाशी ठेवलेल्या स्पीकरमधून तिचा स्वतःचा आवाज ऐकूच येत नव्हता, नुसता ड्रम. पहिलं इंग्रजी गाणं बरं झालं. टाळ्या आल्या, तेवढ्यास तेवढ्या. मग तिने माईक जवळ घेतला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

“आम्ही मिरजेहून आलोय,” ती म्हणाली. “हे गाणं माझ्या आईने लिहिलंय. तिला माहीत नाही.”

थोडं हसू उमटलं. पण्याने काठ्या वाजवल्या आणि शार्दूलची गिटार दबक्या आवाजात बोलायला लागली. पहिल्या दोन ओळी गेल्या तेव्हा समोरचे चेहरे गोंधळलेले होते. हात कधी वर करायचे ते त्यांना माहीत नव्हतं, कारण गाणं माहीत नव्हतं. ‘दारात आत्या, चहाचा कप’ला पुढच्या रांगेतली एक पोरगी फस्सकन हसली आणि शेजारणीला कोपर मारलं. ती ऐकत होती. शब्द ऐकत होती!

मग्-पु-ढं-काय. शांतता.

दुसऱ्या कडव्यात ‘डिग्री झाली, फोटो काढला, टोपी उडवली छान, स्टँडवर भेटले मास्तर, म्हणाले, इकडं दे जरा कान’. आता हसू मागपर्यंत गेलं. तिसऱ्यांदा धृपद आलं तेव्हा त्या रिकाम्या जागेत डावीकडून कुणीतरी ओरडलं, “यूपीएस्सी!” सगळं मैदान खदखदलं. पण्या हात वर धरून बसला होता, पण ठोका वाजवला नाही. उत्कर्षाने माईक लोकांकडे धरला.

मग पुढं काय? “एम.बी.ए.!”

मग पुढं काय? “लग्न!” असं एका मुलीने इतक्या वैतागून सांगितलं की आजूबाजूच्या पोरींनी तिला टाळ्या दिल्या.

मग पुढं काय? “आई, झोपू दे!”

दहा-बारा फेऱ्या झाल्या. यासीन आणि पण्याने ते चाक फिरतं ठेवलं, शार्दूल मधे मधे एकेका उत्तराची गिटारवर नक्कल करत होता, आणि लोक त्याच्याकडून नक्कल ऐकायला आणखी ओरडत होते. मग तिने हात वर केला. सगळी वाद्यं थांबली. शेवटच्या ओळीला चाल दिलीच नव्हती; ती नुसती बोलायची होती. “माहीत नाही मला. अजून.”

आणि मग जो आवाज आला तो तिच्या पायाशी असलेल्या स्पीकरपेक्षा मोठा होता.

निकालात त्यांचा चौथा नंबर आला. बक्षिसं तीनच होती. परदेशात राहिलेल्या गायकाचा बँड पहिला. तो होताच तसा. परीक्षकांनी उत्कर्षाला सांगितलं, बेस आणि किक एकत्र बसत नाहीत, दुसऱ्या कडव्यात तू घाईत होतीस. दोन्ही खरं होतं. यासीनने ते हातावर पेनाने लिहून घेतलं.

सामान आवरताना पहिल्या आलेल्या बँडचा तो गायक आला. “तुमच्या गाण्याचे कॉर्ड्स देणार का?” त्याने विचारलं. “मला मराठीत लिहायचंय, पण लिहिलं की पुस्तकी होतं. माझी आजी नागपूरची. तिचं बोलणं एकदम वेगळं आहे.”

“आजीला बोलू दे,” उत्कर्षा म्हणाली. “तू नुसते ठोके मोज.”

शार्दूलने एका पाठकोऱ्या कागदावर कॉर्ड्स लिहून दिले, आणि कुणी न सांगता ठोक्याच्या चार खुणाही काढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते मिरजेला परतत होते. सातारा गेल्यावर शार्दूल खिडकीतून तोंड न वळवता म्हणाला, “एक ओळ सुचलीय. ‘बाबांच्या खिशात माझं हॉल तिकीट.’”

“चांगलीय,” उत्कर्षा म्हणाली. “पण ‘तिकीट’ का ‘तिकिट’? कसं म्हणतोस?”

“त्याने काय फरक पडतोय?”

“लांब ‘की’ असली तर भार तिथं पडंल,” पण्या म्हणाला. तो सीटच्या दांड्यावर बोटं वाजवायला लागलाही होता. “म्हण बघू. नुसतं बोल.”

शार्दूलने बोलून दाखवलं. यासीन म्हणाला, आमच्यात ‘टिकेट’ म्हणतात. मग त्यावर कऱ्हाडपर्यंत भांडण चाललं. समोरच्या बाकावरच्या एका मावशींनी भाकरीचं फडकं सोडता सोडता बराच वेळ ऐकून घेतलं आणि शेवटी न राहवून विचारलं, “आरं, पर बाबांच्या खिशात कशापायी? तुझं तू सांभाळंनास व्हय?”

उत्कर्षाने पटकन वही काढली आणि मावशींचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं.